अनुराधा लागते तेव्हा एडिसनमध्ये किती वाजतात?

अकोल्याच्या जुन्या शहरात भाद्रपद लागला की माळ्यावरची ट्रंक खाली येते. मोर्णेच्या या काठावर, राजराजेश्वराच्या देवळाच्या आसपासच्या बोळांमध्ये, अजूनही अशी घरे आहेत की जिथे वर्षातून तीन दिवसच उघडणारी एक ट्रंक असते. त्यात जुन्या धोतरात गुंडाळलेले दोन पितळी मुखवटे असतात. ते चिंचेने घासायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, डोळ्यांत काजळ घालायचे. पत्र्याच्या दोन कोठ्या धुऊन उन्हात ठेवायच्या. वऱ्हाडात या सणाला गौरी कमी म्हणतात, महालक्ष्म्या जास्त. ‘आमच्याकडे महालक्ष्म्या आहेत’ एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला त्या घराबद्दल बरेच काही कळते: तीन दिवस त्या घरात कोण कोण जमणार, कोणाची सुट्टी आधीच मंजूर झाली असणार आणि परदेशातल्या मुलाचा फोन कोणत्या वेळी येणार.

हा लेख त्या फोनच्या दुसऱ्या टोकाविषयी आहे. परदेशातल्या मराठी घरांमध्ये हा सण नेमका कसा उभा राहतो, काय अडते आणि नवराबायको मिळून त्यातून काय वाट काढतात, हे एका जोडप्याच्या रूपाने मांडता येते. जोडपे नमुन्यादाखल धरले आहे. पंचांग, वेळा आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत. मुलगा जुन्या शहरातल्या उभ्या महालक्ष्म्यांच्या घरातला. मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातली, माहेरी खड्याच्या गौरी. घर अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, खाली गालिचा, छताला धूर ओळखणारा गजर.

कोणाच्या गौरी?

पहिला प्रश्न सामानाचा नसतो. तो हक्काचा असतो, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात समोर येतो.

महालक्ष्म्या कुळाच्या असतात. वऱ्हाडात साधारण रीत अशी की भाऊ वेगळे राहिले तरी महालक्ष्म्या एकाच घरी, बहुधा थोरल्याकडे. बाकीच्यांनी तिथे जमायचे, जमेल तो वाटा उचलायचा. त्यामुळे एडिसनमधल्या मुलाला वाटले आणि त्याने मुखवटे आणून मांडले, असे होत नाही. आधी अकोल्याला विचारावे लागते. मूळचे मुखवटे तर घराबाहेर जाणारच नाहीत. मग जी वाट निघते ती बहुतेक घरांत एकाच धर्तीची असते. नवे मुखवटे करून घ्यायचे, एक वर्ष ते अकोल्याच्याच महालक्ष्म्यांपुढे ठेवायचे, त्यांच्याबरोबर हळदकुंकू आणि नैवेद्य झाला की सुनेच्या ओटीत घालायचे. या जोडप्यानेही तसेच केले. मुलाची आई फोनवर म्हणाली, “आता तुमच्या त्या तुमच्या झाल्या. पण इकडं सुतक आलं तर तिकडंही बसवायच्या नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.”

हे शेवटचे वाक्य साधे नाही. अकोल्यात भावकीत कोणी गेले आणि सुतकाचे दिवस संपण्याआधी अनुराधा नक्षत्र आले, तर एडिसनमध्ये दोन महिन्यांपासून केलेली तयारी तशीच बांधून ठेवायची. राहिलेल्या महालक्ष्म्या पुढच्या आठवड्यात उरकता येत नाहीत; त्या वर्षी त्या राहतात. घर साडेबारा हजार किलोमीटर दूर गेले तरी सुतक एकच मानायचे, असे ठरवणे म्हणजे आपण अजून त्याच घराचे आहोत असे ठरवणे. हे दोघांनी बोलून ठरवावे लागते, कारण सुनेच्या माहेरच्या सुतकाचे नियम वेगळे असतात.

तिच्या माहेरच्या गौरीही वेगळ्याच. कोकणातल्या अनेक घरांत घरातल्या मुली पाणवठ्यावर जातात, पाच किंवा सात खडे ताम्हनात घेतात आणि न बोलता, मागे न पाहता घरी येतात. मुखवटे नाहीत, कोठ्या नाहीत, भरजरी साड्या नाहीत. तिला पहिल्या वर्षी अकोल्याचा थाट पाहून दडपण आले आणि थोडे वाईटही वाटले. तिच्या आईची गौर कुठेच नव्हती. दुसऱ्या वर्षी एडिसनमध्ये दोघांनी ठरवले की उभ्या महालक्ष्म्यांच्या पायाशी तबकात पाच खडे बसतील, आणि ते ती आणील. जवळून रॅरिटन नदी वाहते; पण सार्वजनिक उद्यानांतून दगड-माती उचलायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. म्हणून एका मैत्रिणीच्या परसातले खडे घ्यायचे ठरले. मैत्रिणीच्या दारापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून घरापर्यंत ती एक शब्द बोलत नाही. नवरा गाडी चालवतो. विसर्जनानंतर खडे परत त्याच परसात जातात.

सूर्य तिकडचा, चंद्र सगळ्यांचा

मंडळांचे गणपती परदेशात बहुधा शनिवार-रविवार पाहून बसतात. हॉल त्याच दिवशी मिळतो, माणसे त्याच दिवशी येतात. घरच्या महालक्ष्म्यांना ही मोकळीक नाही, कारण त्या नक्षत्राला बांधलेल्या आहेत. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि जेवण, मूळवर विसर्जन. तिथीपेक्षा इथे नक्षत्र मोठे.

भिंतीवर मुंबईहून आलेले कालनिर्णय असते आणि पहिली चूक तिथेच होते. त्यातली वेळ भारतीय प्रमाणवेळ असते. तारीख तीच धरून तिकडच्या सकाळी आवाहन केले, तर नक्षत्र कधीच उलटून गेलेले असू शकते. चंद्र नक्षत्रात शिरतो आणि बाहेर पडतो तो क्षण सगळ्या जगासाठी एकच असतो. बदलतो तो घड्याळाचा आकडा आणि सूर्योदय. म्हणून आधी भारतीय वेळेतून आपल्या वेळेचा फरक वजा करायचा किंवा मिळवायचा आणि मग आपल्या गावच्या सूर्योदयाशी ती वेळ ताडून पाहायची.

२०२५ सालचा हिशेब पाहा. भारतात अनुराधा नक्षत्र शनिवार ३० ऑगस्टला दुपारी अडीचनंतर लागले आणि रविवार ३१ ऑगस्टला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपले. अकोल्यात म्हणून रविवारी दिवसभर आवाहनाला वेळ होता. उन्हाळ्याच्या घड्याळात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते. तिथे अनुराधा शनिवारी पहाटे पाचनंतर लागले आणि रविवारी सकाळी आठच्या सुमारास संपलेही. एडिसनला त्या दिवशी सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. म्हणजे रविवारी आवाहन करायचे तर हातात फक्त दीड तास. कॅलिफोर्नियात तर रविवारी सूर्य उगवण्याआधी, पहाटे पाचच्या सुमारासच अनुराधा संपले होते. तिथल्या घरांना शनिवारीच महालक्ष्म्या घ्याव्या लागल्या. उलट सिडनीत ते रविवारी रात्री दहापर्यंत होते, तिथे कसली घाई नव्हती. एकाच कुळातले तीन भाऊ या तीन गावांत असते तर दोघांच्या महालक्ष्म्या रविवारी आल्या असत्या आणि एकाच्या शनिवारी, आणि तिघेही बरोबर असते.

एडिसनच्या जोडप्याला शनिवार पूर्ण मोकळा होता. दिवसभर अनुराधा, सुट्टी, सगळे सोयीचे. तरी त्यांनी रविवारची पहाट निवडली. आईने आवाहनाला दुपारी चारची वेळ धरली होती, आणि अकोल्याचे चार म्हणजे एडिसनचे सकाळचे साडेसहा. दोन्हीकडच्या महालक्ष्म्या एकाच क्षणी उंबरा ओलांडणार होत्या.

आई फोनवर बजावत होती, “आमचं घड्याळ पाहून बसवू नको. तिकडं नक्षत्र कधी सरते ते पाह्य आधी.” हिशेब तिलाही आता पाठ झाला आहे.

ज्येष्ठा नक्षत्र न्यू जर्सीत सोमवारी, १ सप्टेंबरला सकाळी साधारण साडेदहापर्यंत होते. पूजा नऊला सुरू झाली. त्या दिवशी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी होती, त्यामुळे जेवायला माणसे जमली. असा योग दरवर्षी येत नाही. विसर्जनाचा मंगळवार कामाचा होता. पण मूळ नक्षत्र दुपारी बारापर्यंत असल्याने कामावर जाण्याआधी सकाळी सातला उत्तरपूजा करता आली.

पत्र्याच्या कोठीऐवजी बादली

मुखवटे विमानातून हातातल्या पिशवीत येतात. कोठ्या येत नाहीत. मग धड कशाचे करायचे?

इथे बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. कॅमेऱ्याची तिपाई किंवा दिव्याचा उभा दांडा घेतात, वर मुखवटा बसवतात, साडी नेसवतात आणि अर्ध्या तासात देवी पुढे झुकायला लागते. कारण सरळ आहे. पितळी मुखवट्याचे वजन सगळ्यात वर आणि निऱ्यांचे वजन समोर. कोठीत खाली धान्य असते म्हणून ती हलत नाही. तिपाईला तो भार नसतो. रात्री महालक्ष्मी पडली तर पुढचे वर्षभर घरात कोणाचे मन थाऱ्यावर राहत नाही.

या घरात जमलेली रचना अशी आहे. नळाच्या कामाला वापरतात तो प्लास्टिकचा तीन फुटी पाइप मोठ्या बादलीच्या मधोमध उभा करायचा. भोवती दहा किलो तांदूळ ओतून घट्ट दाबायचे. खांद्याच्या उंचीवर आडवा दांडा बांधून त्याला हात आणि त्याखाली उशी बांधायची, म्हणजे साडीला अंग येते. पाइपच्या टोकाला कापड गुंडाळून मुखवटा घट्ट बसवायचा. साडी नेसवण्याआधी वरचे टोक चार बोटे पुढे ओढून सोडायचे. आपोआप जागेवर परत आले तर ठीक. नुसते डुलत राहिले तर अजून तांदूळ घालायचे. साडी नेसवताना निऱ्यांचा काही भार मागच्या बाजूला, बादलीच्या कडीला पिनेने अडकवायचा.

आईला हे चित्र फोनवर दाखवले तेव्हा तिने फक्त एकच विचारले, “पोटात धान्य आहे ना?” होते. वजनासाठी ओतलेले तांदूळ तिच्या दृष्टीने कोठीतली रासच होती. सण झाल्यावर तेच तांदूळ वर्षभर घरात शिजतात.

आवाहनाच्या वेळी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले काढतात. भाड्याच्या घरातल्या फिकट गालिच्यावर कुंकू पडले तर डाग निघत नाही आणि अनामत रकमेतून कापून जाते. म्हणून जोडप्याच्या सात वर्षांच्या मुलीने जाड कागदावर स्वतःचे पाऊल ठेवून कडेने आखून कापले, असे बत्तीस कागद. त्यावर कुंकवाचे ठसे. ती पुढे एकेक कागद ठेवत जाते, मागून आई-बाबा मुखवटे घेऊन येतात आणि प्रत्येक खोलीपाशी थांबून इथे काय आहे ते महालक्ष्म्यांना सांगतात. अकोल्यात धान्याची कोठी, गोठा, तिजोरी दाखवतात. इथे स्वयंपाकघर, मुलीचे अभ्यासाचे टेबल आणि बाबांचा कामाचा संगणक दाखवतात.

समईबाबतही ठरवून घ्यावे लागते. छताचा गजर कापूर आणि धुपाने वाजतो. तो काढून ठेवणे धोक्याचे आहे आणि बऱ्याच ठिकाणी बेकायदाही. आरती खिडकी उघडून, स्वयंपाकघरातला धूर खेचणारा पंखा चालू ठेवून करायची. समई कोणी जागे असेपर्यंतच ठेवायची. अकोल्यात तीन रात्री अखंड तेवणारा दिवा इथे रात्री शांत होतो. अकोल्याच्या आजीने याला लगेच होकार दिला. तिच्या लहानपणी शेजारच्या घराला आग लागलेली तिने पाहिली होती.

सोळा भाज्या आणि आंबील

वऱ्हाडातल्या महालक्ष्म्यांच्या पानात पुरणपोळी असते, कढी, वडे, पंचामृत, कोशिंबिरी असतात. पण दोन पदार्थांवाचून पान मांडतच नाहीत: सोळा भाज्यांची एकत्र भाजी आणि ज्वारीची आंबील.

सोळा भाज्यांत गोम अशी की सोळा हा आकडा पक्का आहे, भाज्या नाहीत. अकोल्यात बाजारात त्या दिवशी जे मिळेल ते: लाल भोपळा, दोडके, गवार, पडवळ, अळू, चवळीच्या शेंगा, काकडी, अंबाडीचा पाला. न्यू जर्सीत यातले निम्मे भारतीय दुकानात मिळते. उरलेली जागा तिथल्या बागेतले कोवळे मके, हिरव्या घेवड्याचे प्रकार, पालक, गाजर भरून काढतात. मुलगी बोटांवर मोजते आणि पंधरावर थांबली तर कोणाला तरी पुन्हा दुकानात जावे लागते.

आंबील सोपी दिसते, पण तिथेही फसायला होते. ज्वारी अमेरिकेत दुर्मीळ नाही. कॅन्ससच्या मैदानात ती लाखो एकरांवर पिकते, मात्र बरीचशी जनावरांच्या खाद्यासाठी. दुकानातले पीठ पुष्कळदा महिनोन् महिने जुने असते. त्याची भाकरी थापताना चिरते. आंबिलीला मात्र जुने पीठ चालते, कारण थापायचे काही नसते. ताकाचे तसे नाही. तिकडे ताकाच्या नावाने विकतात ते दाट, बहुतेक वेळा मीठ घातलेले असते. त्यात पीठ भिजवले तर आंबील खारट लागते. घरचे दही घुसळून केलेलेच ताक हवे.

पूजनाच्या आदल्या संध्याकाळी एक वाटी ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात गुठळी न राहता कालवून ठेवायचे. सकाळी आंबूस वास यायला हवा आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसायला हवेत. वातानुकूलित घरात ते बहुतेक वेळा दिसत नाहीत. अशा वेळी भांडे बंद ओव्हनमध्ये ठेवायचे, ओव्हन न लावता फक्त आतला दिवा चालू ठेवायचा. तेवढी ऊब पुरते. मग चार वाट्या पाणी उकळून त्यात आले, मिरची, जिरे, मीठ घालायचे आणि हे मिश्रण बारीक धारेने सोडत एका दिशेने ढवळत राहायचे. पळीवरून जाड दोरासारखी पडू लागली की झाली. वरून ओले खोबरे. लसूण रोजच्या आंबिलीत असतो, नैवेद्याच्या नाही.

पहिल्या वर्षी सुनेने हे सगळे लिहून घेऊनही आंबील गोड राहिली, आंबलीच नव्हती. आईने फोनवरच रंग पाहून ओळखले.

आता आवाहनाच्या रात्री तिच्या माहेरचे घावन-घाटले होते आणि पूजनाच्या दिवशी त्याच्या घरचे पान. दोन्ही कुळांच्या पुस्तकांत असा क्रम नाही. तो या घराचा आहे.

एकशे चाळीस वर्षांपूर्वी, पंधरा मैलांवर

एडिसनपासून साधारण पंधरा मैलांवर रोझेल नावाचे गाव आहे. १८८३ च्या उन्हाळ्यात आनंदीबाई जोशी तिथे थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या आणि मग वैद्यकी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. पती गोपाळराव नंतर तिथे पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. परक्या मुलुखात त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. थंडीत पाय उघडे पडू नयेत म्हणून नेसण्याची तऱ्हा मात्र बदलली. काय धरायचे आणि काय बदलायचे, याचा निर्णय त्या एकट्या बाईला विचारायला जवळ कोणी नसताना घ्यावा लागला. मायदेशी पत्र जायला तेव्हा आठवडे लागत.

त्यानंतर फार काळ मराठी घरे तिकडे तुरळकच होती. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला तेव्हा डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे. मंडळांनी गणपती, दिवाळी, नाटक आणि मराठी शाळा सांभाळल्या. पण कुळाचार मंडळात होत नाही. तो घराच्या चार भिंतींत, दोन माणसांच्या संमतीने होतो. म्हणून त्याच्याविषयी लिहिलेले फारसे सापडत नाही.

मंगळवार, सकाळी सात

तिसऱ्या दिवशी पोते घेतात. कच्च्या सुताचे सोळा पदर, हळदीत बुडवलेले, सोळा गाठींचे. ते महालक्ष्म्यांपुढे ठेवून मग घरातल्या बायका गळ्यात घालतात. एडिसनमध्ये हे सूत अकोल्याहून येते, पोस्टाच्या साध्या पाकिटात. गाठी मात्र तिथेच पाडतात. या वर्षी मुलीने पाडल्या. मध्ये एक चुकली, सतरा झाल्या. आजी फोनवर मोजत होती, तिच्याच लक्षात आले. अकोल्यात तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि तिच्याही हातात पोते होते.

“सोड ते एक. हळू. ओढू नको, सूत तुटीन.”

गाठ सुटली. अक्षता पडल्या, मुखवटे किंचित हलवले, म्हणजे विसर्जन झाले. वऱ्हाडात मुखवटे पाण्यात सोडत नाहीत. ते पुसून, मऊ कापडात गुंडाळून, खोक्यात ठेवून कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. खोक्यावर मुलीने मराठीत लिहिले आहे: ‘उघडू नका’. बादलीतले तांदूळ डब्यात भरले. कागदाची बत्तीस पावले तिने एका पाकिटात ठेवली. पुढच्या वर्षी पाय मोठा झालेला असेल, म्हणून नवी कापावी लागतील, हे तिनेच सांगितले.

मग सगळे आपापल्या कामाला गेले. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीची नोंद आधीच आहे. २०२६ साली भारतात आवाहन गुरुवारी, १७ सप्टेंबरला आहे. म्हणजे पूजन शुक्रवारी, कामाच्या दिवशी. न्यू जर्सीत अनुराधा कधी लागते आणि कधी सरते, याचा हिशेब नवे पंचांग हातात आल्यावर व्हायचा आहे. म्हणून गुरुवार आणि शुक्रवार या दोन्ही चौकटींत सुट्टी पेन्सिलने लिहिली आहे.